हात आधी कुठे जातो?

(रमजान सुरू होण्यापूर्वी मोहल्ल्यातील महिला मंडळाच्या बैठकीत केलेल्या छोट्या भाषणाचे शब्दांकन)

सगळ्या खाला, आपा, भाभी आणि मागे बसलेल्या मुलींनो,

स्वयंपाकघराबद्दल मी तुम्हाला काही सांगावं, हे खरं तर उलटंच आहे. तुमच्यापैकी अनेकींनी तीस-तीस वर्षं रोज दोन वेळा चूल सांभाळली आहे. त्यामुळे स्वयंपाक कसा करावा यावर मी बोलणार नाही. गॅस, तेल आणि वीज या तिघांचा स्वभाव कसा आहे, एवढंच सांगतो. कारण अपघाताच्या पहिल्या पाच सेकंदांत माणूस विचार करत नाही, हात आपोआप कुठेतरी जातो. आणि या तिन्ही बाबतींत हात नेमका चुकीच्या जागी जातो. गॅसचा वास आला की दिव्याच्या बटणाकडे जातो, तेल पेटलं की पाण्याकडे जातो आणि कुणाला करंट लागला की त्या माणसाकडे जातो. हा हात वळवायचा कसा, हे आज बघू.

आधी गॅस. रमजानचीच वेळ धरा. पहाटेचे चार वाजलेत, सहेरीसाठी तुम्ही उठलात. घरात अंधार आहे. स्वयंपाकघराच्या दाराशी आलात आणि वास आला. हात भिंतीवरच्या बटणाकडे निघालाच आहे. तो तिथेच थांबवायचा. बटण दाबताना आतल्या दोन पट्ट्यांमध्ये बारीक ठिणगी उडते. दिवा लावताना उडते तशी विझवतानाही उडते. म्हणून अशा वेळी लागलेला दिवा बंद करायचा नाही आणि बंद असलेला लावायचा नाही. एक्झॉस्ट फॅन लावून वास घालवू असं वाटेल, पण त्याचंही बटणच आहे.

किती गॅस साठला तर धोका? थोडा हिशेब करू. आपल्याकडचं लहान स्वयंपाकघर आठ फूट बाय आठ फूट, उंची नऊ फूट असं धरलं, तर त्यात साधारण सोळा हजार लिटर हवा मावते. या हवेत सुमारे दोन टक्के गॅस मिसळला की ती पेट घेऊ शकते. म्हणजे पूर्ण खोलीसाठी पाऊण किलोच्या आतच गॅस लागतो आणि आपल्या सिलेंडरमध्ये तो १४.२ किलो असतो. पण हाही हिशेब जास्तीचा आहे. आपला सिलेंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो. तो धुरासारखा वर जात नाही, सांडलेल्या पाण्यासारखा जमिनीवर पसरतो, ओट्याखाली साचतो, उंबऱ्यावरून पुढच्या खोलीत जातो. सगळा गॅस खालच्या एका फुटातच राहिला, तर शंभर ग्रॅमसुद्धा पुरतो. पाइपला बारीक चीर असेल आणि तासाला वीस ग्रॅम गॅस जात असेल, तर रात्री अकरा ते पहाटे चार एवढ्यात शंभर ग्रॅम होतो. दारं-खिडक्या बंद असतील तर तो तिथेच राहतो.

गॅसला मुळात वास नसतो. आपल्याला कळावं म्हणून त्यात मुद्दाम उग्र वासाचं रसायन मिसळतात. गळती थोडी असतानाच, म्हणजे पेट घेण्याच्या प्रमाणाच्या पाचव्या हिश्श्याला वास कळावा, अशा बेताने ते मिसळलेलं असतं. पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. गॅस जमिनीलगत असतो आणि उभ्या माणसाचं नाक पाच फुटांवर असतं. शिवाय वासात बराच वेळ राहिलं की नाकाला तो जाणवेनासा होतो. बाहेरून आलेली मुलगी म्हणाली, 'अम्मी, गॅसचा वास येतोय', तर 'मला तर येत नाही' असं म्हणून तिला गप्प करू नका. बहुतेक वेळा तिचंच नाक खरं असतं.

मग करायचं काय? आधी झोपलेल्यांना उठवून बाहेर काढा, त्यातही जमिनीवर अंथरूण घालून झोपलेली मुलं पहिली, कारण गॅस त्यांच्याच पातळीवर असतो. जाता जाता बाहेर उघडणारं दार सताड उघडा. नुसती वरची खिडकी उघडून भागत नाही, जड गॅसला जमिनीलगत वाट लागते. वास हलका असेल आणि सिलेंडर हाताशी असेल, तर रेग्युलेटरचा खटका बंद करा. वास दाट असेल, फुस्स असा आवाज येत असेल, तर तिथे थांबूच नका. स्वयंपाकघरात फ्रिज असेल तर जास्तच घाई करा, कारण फ्रिज आपला आपण चालू-बंद होतो आणि त्या वेळी त्याच्या आतही ठिणगी उडू शकते. त्याचा प्लग काढायला जाऊ नका, तेवढा वेळ बाहेर पडण्यासाठी वापरा. शेजाऱ्यांची बेल वाजवू नका, दार ठोका. फोन बाहेर गेल्यावर करा. गॅसगळतीसाठी १९०६ हा नंबर दिवसरात्र चालू असतो. आग लागली असेल तर १०१ किंवा ११२.

आता हे घडूच नये म्हणून एक सवय सांगतो. गॅसचा रस्ता डोळ्यांसमोर आणा. सिलेंडर, त्यावर रेग्युलेटर, मग रबरी पाइप, मग शेगडीचं बटण आणि शेवटी बर्नर. रात्री आपण बंद काय करतो? शेगडीचं बटण. म्हणजे रस्त्याचं शेवटचं दार. त्यामागचा सगळा पाइप रात्रभर गॅसने भरलेला राहतो. चीर पाइपला असेल, शेगडीच्या नळीशी सैल झालेली असेल, किंवा उंदराने पाइप कुरतडला असेल, तर शेगडीचं बटण कितीही घट्ट बंद केलं तरी उपयोग नाही, कारण गळती त्याच्या आधीच आहे. रेग्युलेटर बंद केला की पुढचं सगळं कोरडं. झोपण्यापूर्वी घरातला विस्तव विझवून झोपावं, अशी शिकवण हदीसमध्ये आहे. तेव्हा विस्तव चुलीत दिसायचा. आज तो सिलेंडरमध्ये दिसत नाही, पण विझवण्याची जागा आहे, ती म्हणजे रेग्युलेटर.

पाइपकडे आज घरी गेल्यावर बघा. त्यावर तारीख छापलेली असते. गॅस एजन्सीकडे मिळणारा नारिंगी, आत तारेची जाळी असलेला सुरक्षा पाइप पाच वर्षांनी बदलायचा असतो. पाइप वाकवून पाहिला आणि केसाएवढ्या भेगा दिसल्या, किंवा तो शेगडीच्या गरम भागाला टेकून कडक झाला असेल, तर तारखेची वाट पाहू नका. गळती शोधायची असेल तर वाटीत साबणाचा फेस करा आणि रेग्युलेटरजवळ, पाइपवर, जोडांवर लावा. फेसाचे बुडबुडे फुगू लागले तर तिथेच गळती आहे. काडी पेटवून गळती कधीही शोधायची नाही. नवा सिलेंडर लावताना रेग्युलेटर बसल्यावर फुस्स आवाज येत राहिला, तर बऱ्याचदा सिलेंडरच्या तोंडातली रबराची चकती झिजलेली किंवा निसटलेली असते. रेग्युलेटर काढा, दोरीचं झाकण परत घट्ट लावा आणि एजन्सीला कळवा. वर कापड गुंडाळून काम भागवू नका.

आता तेल. इफ्तारच्या आधीचा अर्धा तास घ्या. एका कढईत समोसे, दुसरीकडे शरबत, मुलं पायात घुटमळताहेत, कुणीतरी दार वाजवतं. तळणाचं तेल साधारण १७० ते १९० अंशांवर असतं. दार उघडायला गेलात, तिथे चार वाक्यं बोलणं झालं आणि आच मोठीच राहिली. तेल तापतच जातं. सव्वादोनशे अंशांच्या पुढेमागे धूर निघू लागतो. हा धूर म्हणजे तेलाने दिलेली शेवटची सूचना आहे, कारण त्यानंतरही तापत राहिलं तर साडेतीनशेच्या आसपास तेल काडी न लावताच पेट घेतं. धूर दिसला की लगेच गॅस बंद करा, वास जळका आहे एवढंच म्हणून पुढे तळत बसू नका.

समजा, परत येता तो कढईवर ज्वाळा. हात पाण्याच्या तांब्याकडे जातो. आग म्हटलं की पाणी, हे आपण लहानपणापासून ऐकलं आहे. पण इथे काय होतं ते समजून घ्या. पाणी तेलापेक्षा जड, म्हणून ते तळाशी जातं. तिथे तीनशे अंशांवरचं तेल आहे आणि पाणी शंभर अंशांवर उकळतं. क्षणात त्याची वाफ होते आणि वाफ पाण्याच्या सुमारे सतराशेपट जागा घेते. एक पेला, म्हणजे २०० मिलिलिटर पाणी, याची जवळजवळ साडेतीनशे लिटर वाफ. ती तळातून वर येताना सगळं पेटतं तेल उडवून छताला लावते. कढईतली आग मग कढईत राहत नाही. ती चेहऱ्यावर, हातांवर, पडद्यावर येते. गंभीर भाजण्याचं कारण बऱ्याच वेळा ती पहिली ज्वाळा नसते, हा पाण्याचा तांब्या असतो.

दुसरी चूक म्हणजे पेटलेली कढई उचलून मोरीत किंवा बाहेर न्यायची. चालताना तेल हिंदकळतं, ज्वाळा वाऱ्याने आपल्याच अंगाकडे येते, हात भाजतो आणि कढई पायावर पडते. कढई जागची हलवायची नाही.

आगीला जगायला हवा लागते, ती तोडायची. बटणापर्यंत हात पोचत असेल तर गॅस बंद करा. कढईच्या तोंडापेक्षा मोठं, कोरडं, धातूचं झाकण घ्या. परात चालते, मोठा तवा चालतो. काचेचं झाकण नको, ते तडकू शकतं. झाकण वरून आपटायचं नाही. आपल्या बाजूच्या काठाला टेकवून पुढे सरकवत न्यायचं, म्हणजे तेच आपल्या चेहऱ्यापुढे ढालीसारखं उभं राहतं. आणि मग सगळ्यात अवघड काम, उघडून बघायचं नाही. आग विझलेली असते, पण तेल अजून तेवढंच तापलेलं असतं. झाकण काढलं की हवा मिळते आणि ते पुन्हा पेटतं. किमान अर्धा तास तसंच राहू द्या. मैदा किंवा बेसन टाकून आग विझवायला जाऊ नका, उडालेलं बारीक पीठ स्वतःच पेटतं. ज्वाळा पडद्याला किंवा वरच्या कपाटाला लागली असेल तर तो विषय झाकणाचा राहिला नाही. सगळ्यांना घेऊन बाहेर पडा आणि १०१ लावा.

म्हणून तळायला बसण्यापूर्वी परात शेगडीच्या शेजारी ठेवा. कढई अर्ध्यापेक्षा जास्त भरू नका. फ्रीजरमधले समोसे बर्फाच्या कणांसकट टाकू नका, तोही पाण्याचाच प्रकार आहे. आणि ओढणीबद्दल एक गोष्ट. शेगडीपलीकडची बरणी घ्यायला वाकलं की ओढणीचं टोक किंवा सैल बाही बर्नरवरून जाते. टोक मागे घट्ट बांधा, बाह्या वर घ्या. नायलॉन किंवा जॉर्जेटचं कापड पेटतं तसंच वितळतं आणि कातडीला चिकटतं. चुलीपाशी सुती कपडा बरा. कपड्याला आग लागलीच तर पळू नका, जमिनीवर आडवं पडून लोळा.

भाजल्यावर काय करायचं, हे तर घराघरात चुकतं. टूथपेस्ट, हळद, तूप, शाई, बटाट्याचा कीस, बर्फ, यांतलं काहीही नको. नळाचं साधं वाहतं पाणी, वीस मिनिटं, घड्याळ लावून. आतलं मांस तापलेलं असतं, ते निवायला तेवढा वेळ लागतो. बांगड्या आणि अंगठ्या लगेच काढा, सूज आल्यावर त्या निघत नाहीत. चिकटलेलं कापड ओढू नका. मग स्वच्छ कोरडं सुती कापड सैलसर झाकून दवाखाना. चेहरा, हाताचे पंजे, सांधे किंवा तळहातापेक्षा मोठी जागा भाजली असेल, किंवा लहान मूल असेल, तर घरी थांबू नका.

शेवटचा विषय वीज. अनेक घरांत फ्रिजच्या दांडीला कापडाची पिशवी घातलेली असते आणि खाली प्लास्टिकची चटई. का, तर हात लावला की चुणचुण होते. ही चुणचुण म्हणजे वायरमधली वीज फ्रिजच्या पत्र्यावर आली आहे आणि जमिनीत जायला तिला रस्ता सापडत नाही. आज पाय कोरडे आहेत म्हणून चुणचुण होते. उद्या फरशी पुसताना ओल्या पायांनी तिथेच हात लागला, तर तो रस्ता तुम्ही होता.

तीन पिनांच्या प्लगमधली जाड, लांब पिन असते ना, ती हा रस्ता आहे. तिला अर्थिंग म्हणतात. ती पिन कापून दोन पिनांच्या बोर्डात प्लग बसवला की रस्ता गेला. जुन्या इमारतींत बोर्डाला तीन भोकं असतात, पण तिसऱ्याच्या मागे वायरच जोडलेली नसते. वायरमनला सांगा, 'फेज आणि अर्थिंगमध्ये दिवा लावून दाखव.' दिवा चांगला प्रखर लागला तर अर्थिंग आहे. मिणमिणला किंवा लागलाच नाही, तर नाही.

'आमच्याकडे एमसीबी आहे, ती पडेल' असं पुष्कळ जण म्हणतात. ती वायर वाचवण्यासाठी असते, माणूस वाचवण्यासाठी नाही. सोळा अँपिअरची एमसीबी सोळाच्या वर वीज गेल्यावर पडते. माणसाचं हृदय बंद पडायला त्याचा शंभरावा-दीडशेवा भाग पुरतो. माणसासाठी वेगळं उपकरण असतं. वायरमन त्याला ईएलसीबी किंवा आरसीसीबी म्हणतात. ते घरात गेलेली वीज आणि परत आलेली वीज सतत मोजत असतं. फरक ३० मिलिअँपिअर झाला, म्हणजे वीज कुठेतरी, कदाचित माणसातून, जमिनीत जाते आहे, की ते डोळ्याचं पातं लवण्याआधी पुरवठा तोडतं. त्यावर एक छोटं चाचणीचं बटण असतं. महिन्यातून एकदा ते दाबा, घरातली वीज गेली पाहिजे. गेली नाही, तर ते बिघडलं आहे. यालाही मर्यादा आहे. एका हाताने एक तार आणि दुसऱ्या हाताने दुसरी धरली, तर त्याला काही कळत नाही. म्हणून प्लग ओल्या हाताने काढायचा नाही आणि मिक्सरचं भांडं धुताना प्लग भिंतीतून काढलेलाच हवा.

आणि समजा, कुणाला करंट लागलाच. बहीण फ्रिजला चिकटली आहे, ओरडताही येत नाही. हात तिच्याकडे जातो. तिला धरलं की वीज तुमच्यातही येते आणि एकाऐवजी दोघी अडकता. आधी बटण, नाहीतर घराचा मेन स्विच. तो सापडला नाही, तर कोरड्या चटईवर उभं राहून लाकडी दांड्याने किंवा प्लास्टिकच्या स्टुलाने तिला ढकला. सुटल्यावर श्वास चालू नसेल, तर छातीच्या मधोमध दोन्ही तळहातांनी जोरात, भराभर दाबत राहा, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा, आणि दुसऱ्या कुणाला १०८ लावायला सांगा.

एक शेवटचा मुद्दा. अर्थिंग करून घेणं, ईएलसीबी बसवणं, पाइप बदलणं, यांत पैसे जातात आणि बऱ्याच घरांत त्या पैशांचा निर्णय चुलीपुढे उभी राहणारी बाई घेत नाही. ती म्हणते, 'फ्रिजला करंट येतो.' उत्तर येतं, 'चप्पल घालून हात लाव.' मग काही झालं की सगळे म्हणतात, नशीब. भाजणं हे नशीब नसतं. भेगा पडलेला पाइप आणि कापलेली पिन घरातल्या कुणीतरी पाहिलेली असते. म्हणून मागे बसलेल्या मुलींना आणि दाराशी उभ्या असलेल्या भावांना सांगतो, हे फक्त अम्मीने शिकायचं काम नाही. मेन स्विच कुठे आहे, रेग्युलेटर कसा बंद होतो आणि परात कुठे ठेवलेली असते, हे घरात दहा वर्षांवरच्या प्रत्येकाला, मुलग्यालाही, अंधारात सांगता आलं पाहिजे. आज घरी गेल्यावर पाइपवरची तारीख सगळ्यांसमोर मोठ्याने वाचा. ती उलटून गेली असेल, तर नवा पाइप रमजानच्या सामानाच्या यादीत सगळ्यात वर लिहा, खजुराच्याही आधी.